चादरीचं दुसरं टोक

लॉन्ड्रीत तिला सगळे जिराफ म्हणत. तोंडावर जिराफताई, पाठीमागे नुसतं जिराफ. चिमणी मात्र तोंडावर आणि पाठीमागे सारखंच म्हणायची, "ए जिराफा!" ती उंचच होती तशी. लहानपणापासून दारं, फळ्या आणि माणसं तिला सांगत आली होती की बाई, तू जरा जास्तच झालीस. त्यामुळे वाकून चालायची सवय लागली, ती लागलीच. आपण या जगात जागा अडवतो, अशी एक बारीक अपराधी जाणीव तिच्या खांद्यांमध्ये कायमची मुक्कामाला होती.

लॉन्ड्री इस्पितळांची आणि दोन-तीन हॉटेलांची. मोठा लांबट हॉल, मधोमध भिंत. भिंतीच्या पलीकडे मळके कपडे येत, अलीकडे धुतलेले निघत. मळक्या बाजूचा माणूस हातपाय धुऊन, झगा बदलल्याशिवाय स्वच्छ बाजूला पाऊल ठेवत नसे. स्वच्छ बाजूला इस्त्रीचं भलंमोठं यंत्र होतं. एका तोंडाने ओली चादर आत जायची आणि दुसरीकडून ती कोरडी, गरम, कडक होऊन बाहेर यायची. तिथे तिला झेलायला दोघीजणी लागत. एक डावीकडची टोकं धरणार, दुसरी उजवीकडची. चादर ताणायची, टोकाला टोक लावायचं, एकमेकींकडे चालत यायचं, पुन्हा मागे जायचं.

या जागेवर जिराफ आणि चिमणी कितीतरी वर्षं होत्या. चिमणी म्हणजे वीतभर बाई आणि हातभर जीभ. तिच्यासाठी जमिनीवर एक लाकडी फळी टाकलेली असे, आणि जिराफ कोपर वाकवून उभी राहायची, तेव्हा कुठे चादर समपातळीत यायची. चादर म्हणजे त्या दोघींमधलं अंतर. घडी घालता घालता ते कमी होत जायचं, शेवटच्या घडीला दोघींची बोटं एकमेकींना टेकायची, आणि लगेच पुढची चादर यायची की पुन्हा लांब. दिवसातून कितीदा त्या अशा भेटत आणि दूर होत, याचा हिशोब कुणी केला नव्हता. त्या टेकलेल्या बोटांवरच चिमणीने आपली सासू, आपली सून, आपला गुडघा आणि शेजारणीचं भांडण असा सगळा संसार जिराफच्या कानावर घातला होता. जिराफ बोलायची कमी. पण जेवढं बोलायची तेवढं चिमणीशीच.

हॉलचे जुने सुपरवायझर आजारी पडले तेव्हा तीन-चार महिने हॉल जिराफनेच सांभाळला होता, कुणी सांगितलं नसताना. ते निवृत्त झाले आणि जागेसाठी मुलाखती झाल्या. धुण्याच्या यंत्रांवरच्या काकांनी दिली, दुसऱ्या पाळीतल्या एका बाईने दिली, आणि मॅनेजरनी स्वतः बोलावून जिराफलाही बसवलं. चिमणीला विचारलं तर ती म्हणाली होती, "मला चादर धरायला फळी लागते. हुकूम सोडायला शिडी लागेल."

शुक्रवारी मॅनेजरनी जिराफला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारपासून सुपरवायझर तुम्ही," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर मी जाहीर करतो. तोवर इथे कुणाला बोलू नका. बाकी दोघांना मला आधी स्वतः भेटून सांगायचंय. दुसऱ्याच्या तोंडून कळलं की माणूस दुखावतो."

"चिमणीलाही नाही?"

मॅनेजर हसले. "तिला सांगणं म्हणजे भोंगा वाजवणं."

खोटं काही नव्हतं त्यात. जिराफने मान हलवली आणि बाहेर येऊन चादरीचं टोक धरलं. त्या दिवशी दोघींची बोटं टेकली की तिला वाटायचं, आता बोटांतूनच हिला कळणार.

घरी मात्र बंदी नव्हती. नवरा शिवणयंत्रावर बसला होता. शिंपी माणूस, ऐकलं आणि दोरा तोंडातच राहिला.

"म्हणजे आता तू साहेबीण?"

"सुपरवायझर."

"तेच ते. घरात कधीपासून होतीस, तिकडे आत्ता कळलं त्यांना."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "खुर्ची देणार का गं तुला?"

"नाही हो आई. उलट आता जास्त फिरावं लागेल."

"मग कसली बढती? पायांना शिक्षाच की."

नवरा हसत सुटला, पण जिराफच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "काय झालं?"

"चिमणीला सांगितलं नाहीये. उद्या ती म्हणेल, इतकी वर्षं माझ्यासमोर उभी राहिलीस आणि एक शब्द नाही. आणि तिला मी काही सांगायचं? हे कर, ते करू नको असं? त्यापेक्षा ती चादरच बरी. मी हुकूम सोडला आणि तिचं माझ्याशी बोलणं बंद झालं, तर ही बढती मी त्यांना परत देऊन येईन."

"देशील देशील. आधी घेऊन तर बघ," नवरा म्हणाला आणि यंत्राचं चाक फिरवलं.

सोमवारी पाळी सुरू होण्याआधी मॅनेजरनी सगळ्यांना स्वच्छ बाजूला, घड्यांच्या टेबलापाशी जमवलं. यंत्रं बंद होती. त्या हॉलमध्ये शांतता इतकी परकी होती की वाफेच्या नळीचा सुस्कारासुद्धा कुणीतरी बोलल्यासारखा वाटत होता. मॅनेजर हळू आवाजाचे, बारीक अंगाचे. ते एका पालथ्या क्रेटवर चढले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सांभाळा साहेब, वारा सुटलाय." हशा झाला, आणि मॅनेजरनाही बरं वाटलं.

"एक आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले. "आजपासून या हॉलच्या सुपरवायझर आपल्या जिराफताई."

मग सगळ्यात आधी काकांनी टाळी वाजवली. त्यांना सकाळीच केबिनमध्ये सांगून झालं होतं. डोळे थोडे थकलेले दिसत होते, पण टाळी खणखणीत होती. मग सगळा हॉलच वाजायला लागला. जिराफ खांद्यात मान घालून उभी होती. तिने चोरून बाजूला पाहिलं. चिमणी टाळ्या वाजवत होती. जोरात वाजवत होती. पण तिच्याकडे बघत नव्हती.

"का निवडलं तेही सांगतो," मॅनेजर म्हणाले. "जुने सुपरवायझर नव्हते तेव्हा हॉल यांनी चालवला, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आता रोजच्या कामात काय बदलेल ते ऐका. कोण कुठल्या जागेवर उभं राहील, पाळ्या कशा लागतील, हे त्या ठरवणार. रजा हवी असेल तर आधी त्यांना विचारायचं. दोन दिवसांपर्यंत त्याच देतील, त्याहून जास्त असेल तर माझ्याकडे. यंत्रात बिघाड, कपड्यांत काही भलतंच सापडलं, इस्पितळाची तक्रार, सगळं आधी त्यांच्याकडे. यंत्र थांबवायचा अधिकार सगळ्यांनाच आहे, तो तसाच. परत चालू करायचं मात्र त्यांनी सांगितल्यावर. पाळी बदलताना पुढच्यांना काय राहिलंय ते त्या समजावून देतील. कुणाचं काही दुखलंखुपलं, त्यांच्याशी पटलं नाही, तर माझं दार उघडं आहे. पहिला महिना मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर हॉलमध्ये फेरी मारेन. काही शंका?"

"ओव्हरटाइम कुणाला विचारायचा?" काकांनी विचारलं.

"सांगणार त्या, सही माझी."

"आणि जुनी भांडणं?" मागून कुणीतरी.

"ती तुमची तुम्हीच मिटवा."

पुन्हा हशा. तेवढ्यात चिमणीचा आवाज आला. एरवी हॉलभर पसरणारा आवाज त्या दिवशी सरळ रेषेत आला.

"साहेब, माझ्या चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?"

मॅनेजरनी इस्त्रीच्या यंत्राकडे पाहिलं. पाळ्या, रजा, तक्रारी, सह्या, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. एवढंच नव्हतं की सुपरवायझर होणारी बाई आजवर अर्धी जोडी होती.

"ते... बघू आपण. नवीन माणूस घेतोच आहोत," ते म्हणाले आणि क्रेटवरून उतरले. यंत्रं सुरू झाली आणि आवाजाने सगळं झाकून टाकलं.

आता पायांना कोण सांगणार? जिराफचे पाय तिला नेहमीच्या जागी घेऊन गेले. पहिली चादर यंत्रातून बाहेर आली, तिने कोपर वाकवून टोकं धरली. चिमणी फळीवर उभी राहिली. दोघी जवळ आल्या, बोटं टेकली.

"शुक्रवारपासून माहीत होतं?" चिमणीने विचारलं.

"हो."

"बरं," चिमणी म्हणाली. बस, तेवढंच. पुढच्या चार चादरींच्या घड्या त्यांनी न बोलता घातल्या. जिराफला वाटलं, हॉलमध्ये यंत्राचा आवाज आहे म्हणून बरं, नाहीतर ही शांतता सगळ्यांनी ऐकली असती.

पाचवी चादर हातात असताना मधल्या भिंतीतल्या खिडकीची काच काकांनी वाजवली. पलीकडून ओरडून सांगत होते, "ताई! पिशवीत सुई निघालीय!"

इस्पितळाच्या मळक्या कपड्यांत इंजेक्शनची सुई राहून जाणं म्हणजे खेळ नव्हे. कपडे निवडणारा हात नेमका तिच्यावर पडला तर नसते आजार. अशा वेळी निवडणं थांबवायचं, कुणाला टोचली का बघायचं, सुई चिमट्याने उचलून जाड डब्यात टाकायची, पिशवी कुठल्या वॉर्डाची ते बघून इस्पितळाला कळवायचं. हे जुने सुपरवायझर करत. आता कोण करणार, हे काकांना कळलं होतं. जिराफ मात्र चादरीची टोकं धरून उभी राहिली. सोडावं तर चादर जमिनीवर पडेल, धरावं तर तिकडे माणसं खोळंबलेली.

"जा ना," चिमणी म्हणाली. "तुलाच बोलावतायत."

जिराफने आपली टोकं चिमणीच्या हातात कोंबली आणि धावली.

कुणाला टोचलं नव्हतं. तिने निवडणं थांबवलं, सुई डब्यात गेली, त्या पिशवीतले बाकीचे कपडे चिमट्याने वेगळे करून घेतले, इस्पितळाला फोन लावला. पलीकडच्या परिचारिकेने माफी मागितली, तेव्हा जिराफला जाणवलं की आपण फोनवर ताठ उभ्या आहोत. हातपाय धुऊन, झगा बदलून ती परत स्वच्छ बाजूला आली, आणि दारातच थबकली.

चिमणी एकटीने चादरींच्या घड्या घालत होती. चादरीचा मधला भाग हनुवटीखाली दाबायचा, दोन्ही हात लांबवून टोकं जुळवायची, हनुवटी सोडायची, झटका द्यायचा. सर्कशीसारखं. आजूबाजूच्या बायका बघून हसत होत्या, आणि चिमणी त्या हसण्यावर आणखी वेग घेत होती. टेबलावर चांगली कमरेएवढी थप्पी झाली होती. घड्याही सुरेख, धारदार.

पण त्या चादरी इस्पितळात जाणार होत्या. जमिनीला लागलेली, अंगाला घासलेली, हनुवटीखाली दाबलेली चादर परत धुवायला जाते, हा इथला पहिला धडा. नव्या माणसाला झगा मिळायच्या आधी हा धडा मिळतो. हे चिमणीला माहीत होतं. बघणाऱ्या बायकांनाही माहीत होतं. जिराफ आत आल्यावर त्या हसायच्या थांबल्या आणि तिच्याकडे बघू लागल्या.

कधीकधी माणसाच्या आयुष्यात एक दार येतं आणि त्यातून वाकून जाताच येत नाही.

"चिमणे," जिराफ म्हणाली. "ही थप्पी परत धुवायला जाईल."

"सगळी?"

"सगळी."

"हनुवटी स्वच्छ आहे माझी. सकाळीच घासलीय. लग्नाला जायचं नसतानाही."

दोघीतिघी खुदकन हसल्या आणि गप्प झाल्या. जिराफला वाटलं, हसून सोडून द्यावं. या वेळेपुरतं. कुणाला कळणार? पण ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे इथेच उभे होते. आज ही थप्पी गेली तर उद्या कुठलीच चादर ती परत पाठवू शकणार नव्हती.

ती टेबलापाशी आली. या वेळी तिने कोपर वाकवलं नाही.

"चूक तुझी नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जागा दोघींची आहे, मी एकीवर टाकून गेले. ती चूक माझी. पण चादरी परत जातील."

चिमणीने थप्पी उचलली, धुण्याच्या गाडीत नेऊन ठेवली. आदळली नाही, हळूच ठेवली. तेच जिराफला जास्त लागलं.

मग तिने हॉलभर नजर टाकली. पॅकिंगच्या टेबलावर घुम्या होता. गाठोडी बांधणारा, दिवसभरात चार शब्द बोलणारा. त्याला ती म्हणाली, "घुम्या, आजपासून तू चिमणीसमोर. हात धुऊन ये. इस्पितळाच्या चादरी आधी, त्यांची गाडी दुपारी निघते. हॉटेलचे टॉवेल संध्याकाळी. पॅकिंगला मी स्वतः तासभर उभी राहते, मग दुसऱ्या टेबलावरच्या बाईंना इकडे वळवते." बोलताना तिला कळत होतं की हे सगळं आपल्या डोक्यात आधीच होतं. फक्त तोंडापर्यंत यायला वाट नव्हती.

घुम्या येऊन उभा राहिला. पहिली चादर त्याने अशी ओढली की चिमणी फळीवरून पुढे आली.

"अरे, चादर आहे, बैल नाही!" चिमणी कडाडली. हॉल हसला. जिराफही हसणार होती, पण चिमणीने तिच्याकडे पाहिलंच नाही. घुम्याला मात्र सूचनांचा भडिमार सुरू झाला. कोपर खाली. अंगठा आत. माझ्याकडे बघ, छताकडे काय बघतोस. तो नुसता "हं" म्हणायचा.

जिराफ गाठोडी बांधत राहिली. सकाळ सरत चालली. हात कामात होते, कान मात्र टेबलाच्या त्या टोकाला. चिमणी घुम्याशी बोलत होती, यंत्रात ओल्या चादरी भरवणाऱ्या बायकांशी बोलत होती, यंत्राशीसुद्धा बोलत होती. जिराफच्या बाजूला तिचा एकही शब्द वळत नव्हता. केबिनचं दार समोरच होतं. जाऊन ही बढती परत घ्या म्हणायला किती वेळ लागला असता?

तेवढ्यात जळकट वास आला. चादरीचा एक कोपरा आत रोलरभोवती गुंडाळला गेला होता आणि यंत्र ती गिळत चाललं होतं. चिमणीने फळीवरून उडी मारली, लाल बटण दाबलं. यंत्र कण्हत थांबलं. अचानक पडलेल्या त्या शांततेत तिने छातीत हवा भरली, आणि भोंग्यालाही लाजवेल अशा आवाजात हाक दिली,

"सुपरवायझर! अहो सुपरवायझर! इकडे या!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. त्या शब्दाने तिला पहिल्यांदाच कुणी हाक मारली होती. जिराफ गाठोडं टाकून धावली.

"कुणी हात घालू नका, तापलंय," ती म्हणाली. "वाफ बंद करा. मेकॅनिकला बोलवा. निवलं की तोच काढेल. तोवर भरवणाऱ्या दोघी टॉवेल निवडायला बसा." माणसं हलली. घुम्या मेकॅनिकला आणायला गेला. टेबलापाशी दोघीच उरल्या.

"अहो?" जिराफने हळूच विचारलं.

"मग काय? सगळ्यांसमोर जिराफ म्हणू?" चिमणी म्हणाली. "साहेबांनी सांगितलं ना, बिघाड झाला की आधी सुपरवायझरला. मी नियमाने वागते, बाई. माझ्या हनुवटीला विचार."

"रागावलीस?"

"थप्पीवरून? छे. ती परत पाठवली नसतीस तर रागावले असते. मुद्दामच रचली होती मी ती."

"मुद्दाम?"

"अर्धी मुद्दाम. अर्धी रागाने. म्हटलं बघू, ही बाई आता तरी सरळ उभी राहते का." तिने नाक पुसलं. "राग दुसराच आहे. तीन दिवस पोटात ठेवलंस. दुखलं नाही पोट?"

"खूप दुखलं."

"बरं झालं," चिमणी समाधानाने म्हणाली. "अजून दुखायला हवं होतं. आणि माझ्या सुनेचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय. घुम्याला सांगून बघितलं, तो हं म्हणतो. हं! माझा सगळा संसार त्याने एका अक्षरात गुंडाळला."

जिराफ हसायला लागली. आधी हळू, मग तिला आवरेना. टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चिमणीही हसली. मॅनेजर केबिनमधून डोकावले, दोघींना बघून पुन्हा आत गेले.

"बरं, सुनेवरून आठवलं," चिमणी डोळे पुसत म्हणाली. "रजा तूच देणार ना आता?"

"दोन दिवसांपर्यंत मी."

"मग उद्याची दे. तिला डॉक्टरकडे न्यायचंय."

जिराफने क्षणभर विचार केला. घुम्या अजून कच्चा, उद्या दोन इस्पितळांच्या गाड्या. "तातडीचं आहे का?"

"नेहमीची तपासणी."

"मग उद्या नाही जमणार. परवा घे."

चिमणीने कमरेवर हात ठेवले. मग फळीवर चढली, तरीही मान वर करावीच लागली, आणि तिने हॉलच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडल्या काकांनाही ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली,

"ऐकलंत का? मला रजा नाकारली! पहिल्याच दिवशी! आहे की नाही खरी सुपरवायझर?"